व्याजाच्या सूत्रातला काळ

एका गृहनिर्माण संस्थेच्या खात्यात इमारतीच्या दुरुस्तीसाठी दहा लाख रुपये जमले आहेत, असे समजू. ठेकेदाराला पहिला हप्ता मार्चमध्ये द्यायचा आहे. तोवर पैसे बचत खात्यात पडून राहू नयेत म्हणून संस्थेचे खजिनदार 1 जानेवारी 2025 रोजी 6 टक्के दराने दोन महिन्यांची मुदत ठेव करतात. घरी बसून त्यांनी हिशोब केलेला असतो. वर्षाचे व्याज साठ हजार, महिन्याचे पाच हजार, म्हणजे दोन महिन्यांचे दहा हजार. 1 मार्चला ठेवीची मुदत पुरी होते आणि खात्यात व्याज जमा होते 9,699 रुपये. तीनशे एक रुपये कमी. कर कापलेला नाही, मुदतीआधी ठेव मोडलेली नाही, दरही ठरला तोच आहे.

खजिनदार शाखेत जाऊन विचारतील, तर त्यांना सांगितले जाईल की व्याज ‘दिवसांवर’ काढले आहे. उत्तर बरोबर आहे, पण त्यातून त्यांचे समाधान होणार नाही. कारण त्यांचे गणितही चुकलेले नाही. बँकेने आणि त्यांनी एकच सूत्र वापरले, फक्त त्यातला काळ दोन वेगळ्या मापांनी मोजला. ही मापे कोणती आणि थोड्या दिवसांच्या ठेवीवर त्यांचा परिणाम किती होतो, हे एकदा समजून घेतले तर ठेवीची पावती वाचण्याची पद्धतच बदलते.

एक सूत्र, दोन मापे

सरळव्याजाचे सूत्र आपण शाळेत शिकलो: मुद्दल गुणिले दर गुणिले काळ, भागिले शंभर. मुद्दल पावतीवर छापलेले असते. दर तर शाखेच्या दारातल्या फलकावरच असतो. काळ मात्र वर्षांत मांडावा लागतो, कारण दर ‘दरसाल दरशेकडा’ असतो. ठेव पूर्ण एक वर्षाची असेल तर काळ एक. तिथे वादाला जागाच नाही. ठेव दोन महिन्यांची असली की प्रश्न येतो, दोन महिने म्हणजे वर्षाचा नेमका कितवा भाग?

पहिली पद्धत म्हणते, कॅलेंडर उघडा आणि खरे दिवस मोजा. जितके दिवस भरतील तितके वर घ्या आणि खाली 365. बँकेतली मंडळी हिला ‘अ‍ॅक्च्युअल बाय थ्री सिक्स्टी फाइव्ह’ म्हणतात. 1 जानेवारी ते 1 मार्च 2025 या काळात जानेवारीचे 31 आणि फेब्रुवारीचे 28 मिळून 59 दिवस होतात. ठेव ठेवल्याचा दिवस धरायचा, परत मिळण्याचा दिवस सोडायचा. म्हणजे पैसे बँकेत किती रात्री राहिले तेवढेच मोजायचे. साठ हजारांना 59 ने गुणून 365 ने भागले की 9,698 रुपये 63 पैसे येतात. रुपयांतल्या ठेवींचे व्याज जवळच्या पूर्ण रुपयात द्यायचे असते, म्हणून 9,699.

दुसरी पद्धत म्हणते, प्रत्येक महिना 30 दिवसांचाच धरा आणि वर्ष 360 दिवसांचे. मग दोन महिने म्हणजे 60 दिवस आणि काळ 60 भागिले 360, म्हणजे बरोबर एक षष्ठांश. हीच ‘थर्टी थ्री सिक्स्टी’. खजिनदारांनी घरी जो हिशोब केला तो याच पद्धतीचा होता. पंचांग पाहणाऱ्याला यात नवल वाटू नये: चांद्र महिना 29 दिवसांचा असो की 30 दिवसांचा, तिथी त्यात तीसच धरलेल्या असतात. मोजायला सोपे, सारखे एकक हवे असेल तर माणूस ते प्रत्यक्ष दिवसांवर बसवून घेतो.

हे सोपेपण एके काळी फार मोलाचे होते. व्याज हाताने काढायचे तेव्हा 365 ने भागणे हे कटकटीचे काम होते. 360 ला 2, 3, 4, 5, 6, 8, 9, 10 आणि 12 या सगळ्यांनी निःशेष भाग जातो. शिवाय प्रत्येक महिन्याचे व्याज सारखे येते, त्यामुळे वह्या जुळवणे सोपे पडते. आपल्याकडे सावकारी व्याजही ‘शेकडा दोन रुपये’ असे दरमहा बोलले जाते. त्यात महिना किती दिवसांचा हे कोणी विचारत नाही. जर्मनीत बँकांच्या बचत ठेवींसाठी तीस दिवसांच्या महिन्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

कोणत्या महिन्यात कोणाला फायदा?

पूर्ण वर्षभर पैसे ठेवले तर दोन्ही पद्धती साठ हजारांवरच येऊन थांबतात, कारण 365 भागिले 365 आणि 360 भागिले 360 दोन्ही एकच आहेत. फरक पडतो तो वर्षाच्या आत. म्हणूनच हा विषय मुख्यतः अल्प मुदतीच्या ठेवींचा आहे.

आपल्या दहा लाखांचे, 6 टक्के दराने, एकेका महिन्याचे व्याज काढून पाहू. थर्टी थ्री सिक्स्टीमध्ये कोणताही महिना घ्या, उत्तर 5,000. खऱ्या दिवसांच्या पद्धतीत 31 दिवसांच्या महिन्याचे व्याज 5,096 येते, 30 दिवसांच्या महिन्याचे 4,932 आणि 28 दिवसांच्या फेब्रुवारीचे 4,603.

मधला आकडा नीट पाहावा. महिना बरोबर 30 दिवसांचा असला तरी दोन पद्धतींची उत्तरे जुळत नाहीत. खऱ्या दिवसांची पद्धत 68 रुपये कमीच देते. कारण 365 दिवसांच्या वर्षाचा बारावा भाग 30 नसून जवळजवळ 30.42 आहे. तेव्हा एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर या चार महिन्यांत ठेवीदाराला तीस दिवसांचा महिना थोडा फायद्याचा. फेब्रुवारीत तर तो चांगलाच फायद्याचा, जवळपास चारशे रुपयांनी. उरलेल्या सात महिन्यांत मात्र खरे दिवस मोजलेले बरे, कारण दर महिन्याला 96 रुपये जास्त मिळतात. सात महिन्यांचा हा फायदा आणि पाच महिन्यांचा तोटा यांची बेरीज केली तर दोन्ही बाजूंना सुमारे 671 रुपये येतात आणि वर्षाअखेर सगळे फिटते.

वर्षभराच्या ठेवीत हे फिटणे होते. दोन महिन्यांच्या ठेवीत ते व्हायला वेळच मिळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीऐवजी हीच रक्कम त्याच दराने 1 जुलै ते 1 सप्टेंबर ठेवली असती तर खरे दिवस 62 भरले असते आणि व्याज 10,192 रुपये आले असते. खजिनदारांना अपेक्षेपेक्षा 192 रुपये जास्त मिळाले असते आणि बहुधा शाखेत जायची वेळच आली नसती. एकाच बँकेत, एकाच दराने, एकाच पद्धतीने ठेवलेल्या ‘दोन महिन्यांच्या’ ठेवींत 493 रुपयांचा फरक आहे. दोन महिने हे माप म्हणून किती सैल आहे, ते इथे कळते.

रुपयांचा हा फरक दराच्या भाषेत मांडला की त्याचे वजन लक्षात येते. जानेवारी-फेब्रुवारीच्या 59 दिवसांत कोणी दहा हजार रुपये दिले, तर खऱ्या दिवसांच्या हिशोबाने तो दर 6 नव्हे, 6.19 टक्के ठरतो. जुलै-ऑगस्टच्या 62 दिवसांत तेच दहा हजार दिले तर दर 5.89 टक्के. दहा पैशांनी दर जास्त आहे म्हणून आपण एका बँकेतून दुसरीकडे ठेव नेतो. इथे तर फलकावरचा दर तसाच राहून त्याहून मोठा फरक पडतो.

एकतीस तारीख आणि फेब्रुवारीची अखेर

तीस दिवसांच्या महिन्याची पद्धत जिथे ताणली जाते, त्या जागा ठरलेल्या आहेत. महिना तीसचाच धरायचा तर 31 तारखेचे काय करायचे? या पद्धतीचा युरोपीय नियम सरळ आहे: सुरुवातीची किंवा शेवटची तारीख 31 असेल तर ती 30 समजायची. म्हणजे 30 जुलैला ठेवलेले पैसे 31 जुलैला काढले तर एक रात्र जाऊनही मोजलेले दिवस शून्य. उलट 28 फेब्रुवारीला ठेवून 1 मार्चला काढले तर एका रात्रीचे तीन दिवस होतात, कारण कागदावर फेब्रुवारीत 29 आणि 30 या तारखाही आहेत. अमेरिकी नियमात फेब्रुवारीची अखेर वेगळी हाताळतात, त्यामुळे ‘थर्टी थ्री सिक्स्टी’ एवढे म्हणूनही कधी कधी पुरत नाही.

आता हीच दहा लाखांची ठेव 31 जानेवारी ते 1 मार्च 2025 अशी धरू. कॅलेंडरवर दिवस भरतात 29. तीसच्या पद्धतीत 31 जानेवारीचा 30 जानेवारी होतो. 30 जानेवारी ते 30 फेब्रुवारी असे 30 दिवस आणि पुढे 1 मार्चपर्यंत एक, म्हणजे 31. खऱ्या दिवसांवर व्याज 4,767 रुपये, तीसच्या पद्धतीने 5,167. एका महिन्याच्या ठेवीत चारशे रुपयांचा फरक, म्हणजे वार्षिक दरात अर्ध्या टक्क्याचा. ठेव जितकी लहान मुदतीची आणि फेब्रुवारीच्या अखेरीच्या जितकी जवळ, तितका हा फरक ठळक.

आपल्याकडे कुठे काय चालते?

भारतातल्या बँकांच्या रुपयांतल्या ठेवींबाबत रिझर्व्ह बँकेचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. ठेव तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीची असेल किंवा शेवटची तिमाही अपुरी असेल, तर त्या काळाचे व्याज प्रत्यक्ष दिवस मोजून आणि वर्ष 365 दिवसांचे धरून द्यायचे. खजिनदारांच्या ठेवीचे तसेच झाले. काही बँका लीप वर्षात 366 ने भागतात. त्याची मोकळीक बँकांना आहे. मात्र व्याज कसे काढले जाते याची माहिती ठेव स्वीकारतानाच ठेवीदाराला द्यावी आणि शाखेतही लावावी, अशी अपेक्षा त्याच मार्गदर्शनात आहे. लीप वर्षाचा परिणाम लहान असतो. दहा लाखांच्या 60 दिवसांच्या ठेवीवर 365 ने भागून 9,863 रुपये येतात आणि 366 ने भागून 9,836.

या नियमातला ‘अपुरी तिमाही’ हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. तिमाही पूर्ण असेल तर तिला वर्षाचा सरळ चौथा भाग धरण्याची रीत आहे, आणि चौथा भाग म्हणजे तीसच्या महिन्याचाच हिशोब. त्यामुळे चार महिने दहा दिवसांच्या एकाच ठेवीत पहिल्या तीन महिन्यांना एक माप आणि उरलेल्या दिवसांना दुसरे माप लागू शकते. तीन महिन्यांच्या ठेवीतही यामुळे फरक पडतो. 1 जानेवारी ते 1 एप्रिल 2025 हे 90 दिवस आहेत. दिवसांवर व्याज 14,795 रुपये आणि चौथ्या भागावर 15,000. 1 जुलै ते 1 ऑक्टोबर हे 92 दिवस. तिथे दिवसांवर 15,123. म्हणून ‘तीन महिन्यांची ठेव’ आणि ‘90 दिवसांची ठेव’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अर्जावर मुदत महिन्यांत लिहायची की दिवसांत, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

सरकारी कर्जरोख्यांत तर दोन्ही मापे शेजारी शेजारी नांदतात. 91, 182 आणि 364 दिवसांची ट्रेझरी बिले नाणेबाजारातली. त्यांचा परतावा खरे दिवस आणि 365 यांवर काढतात. दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे साठलेले व्याज मात्र 30 आणि 360 वर मोजले जाते. रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेमुळे नोव्हेंबर 2021 पासून सामान्य माणूसही थेट हे रोखे घेऊ शकतो. समजा, 7 टक्के व्याजाचा, एक लाख रुपये दर्शनी मूल्याचा रोखा 1 जानेवारीला व्याज देऊन मोकळा झाला आहे आणि तुम्ही तो 1 मार्चला दुसऱ्याकडून विकत घेता. मधल्या काळाचे व्याज तुम्हाला विकणाऱ्याला द्यावे लागते. ते 60 दिवसांचे, म्हणजे 1,167 रुपये होते. कॅलेंडरवरचे 59 दिवस आणि 365 धरले असते तर 1,132 झाले असते. तीन महिन्यांसाठी ट्रेझरी बिल घ्यावे की मुदतीच्या जवळ आलेला रोखा, अशी तुलना करताना दोन्हींचे उत्तर एकाच मापावर आणल्याशिवाय तुलना खरी होत नाही.

मापांची सरमिसळ

सगळ्यात जास्त चुका होतात त्या वरचा आकडा एका पद्धतीचा आणि खालचा दुसऱ्या पद्धतीचा घेतल्याने. 60 दिवस धरून 365 ने भागणारे आहेत, तसे 59 दिवस मोजून 360 ने भागणारेही. यातल्या दुसऱ्या जोडीला स्वतंत्र अस्तित्व आहे. अमेरिकी डॉलरच्या नाणेबाजारात दिवस खरे मोजतात आणि वर्ष 360 चे धरतात. परदेशी राहणारे आपले नातेवाईक भारतातल्या बँकेत परकीय चलनात जी एफसीएनआर ठेव ठेवतात, तिच्या व्याजासाठीही वर्ष 360 दिवसांचे धरण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. या जोडीत वर्षाचे 365 दिवस भरले की व्याज पूर्ण दरापेक्षा थोडे जास्त होते. 6 टक्के हे प्रत्यक्षात 6.08 टक्के होतात. म्हणून कुणी ‘आमचे वर्ष 360 चे आहे’ एवढेच सांगितले, तर अर्धीच माहिती मिळाली असे समजावे. त्या 360 वर बसणारे दिवस तीस-तीसचे आहेत की कॅलेंडरचे, हे विचारायलाच हवे.

पावतीवरून पद्धत ओळखता येते आणि त्यासाठी फक्त कॅल्क्युलेटर लागतो. मिळालेल्या व्याजाला वर्षाच्या पूर्ण व्याजाने भागायचे आणि उत्तराला एकदा 365 ने, एकदा 360 ने गुणायचे. ज्या गुणाकारात पूर्ण दिवस येतील ती पद्धत. खजिनदारांच्या 9,699 ला साठ हजारांनी भागून 365 ने गुणले तर 59.00 येतात, 360 ने गुणले तर 58.19 असा अर्धवट आकडा येतो. तेव्हा माप 365 चेच आहे. दिवस पूर्ण आले पण ते कॅलेंडरशी जुळत नाहीत असे दिसले, तर एक तर तीसचा महिना वापरलेला आहे किंवा दिवस मोजताना चूक झाली आहे. पहिली आणि शेवटची अशा दोन्ही तारखा धरल्या की नेमका एक दिवस वाढतो, ही नेहमीची चूक. मोठ्या रकमेवर हा ताळा पक्का बसतो. रक्कम अगदी लहान असेल तर पूर्ण रुपयात केलेल्या जुळवणीमुळे उत्तर थोडे इकडे तिकडे होते.

ही ओळख तीन महिन्यांच्या आतल्या, सरळव्याजाच्या ठेवींसाठी आहे. तिमाहीला व्याज मुद्दलात मिळत गेले की चक्रवाढ मध्ये येते आणि एका भागाकारात पद्धत सापडत नाही.

संगणकावर हिशोब करणाऱ्यांसाठी स्प्रेडशीटमध्ये दोन्ही मापे तयार आहेत. A1 मध्ये ठेवीची तारीख आणि B1 मध्ये मुदत संपण्याची तारीख लिहून ही सूत्रे द्यावीत:

```
=B1-A1
=DAYS360(A1,B1,TRUE)
```

पहिले सूत्र खरे दिवस देते. दुसरे तीसच्या महिन्यांचे दिवस देते. त्यातला TRUE युरोपीय नियम लावतो. 31 जानेवारी आणि 1 मार्च 2025 या तारखा घातल्या की 29 आणि 31 ही उत्तरे शेजारी शेजारी दिसतात.

ठेव करण्याआधी

थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवताना दराइतकेच तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत: दिवस किती धरले, भागले कितीने, आणि मुदतीअखेर रुपयांत नेमके किती मिळणार. पहिल्या दोघांचे उत्तर काउंटरवर लगेच मिळाले नाही तरी तिसऱ्याचे मिळतेच, कारण मुदतीअखेरची रक्कम पावतीवर छापलेली असते. दोन बँकांची तुलना करताना दोन्हीकडे त्याच दोन तारखा सांगाव्यात, ‘दोन महिने’ म्हणू नये. आणि मिळणाऱ्या रुपयांची तुलना करावी, टक्क्यांची नव्हे. मग मधली पद्धत कोणतीही असो, तिचा परिणाम त्या रकमेत आलेलाच असतो.

तारीख निवडण्याची मुभा असेल तर मुठीवरची उंचवट्यांची मोजणी इथे कामाला येते. व्याज खऱ्या दिवसांवर मिळणार असेल तर हिशोबात धरावयाची मुदत दिवसांत सांगावी आणि प्रत्येक दिवसाचे व्याज मोजावे. दहा लाखांवर 6 टक्क्यांनी ते रोज 164 रुपये 38 पैसे आहे. मुदत सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी मिळतात, आणि मधल्या सुट्टीच्या दिवसाचे व्याजही ठरलेल्या दराने मिळायला हवे असा नियम आहे. ते जमा झाले की नाही, हे या दिवसाच्या आकड्याने ताबडतोब पडताळता येते. संस्थेच्या खजिनदारांनी वार्षिक सभेत अपेक्षित व्याजाचा आकडा मांडायचा असेल तर तोही याच मार्गाने काढावा. साठ हजार भागिले 365, गुणिले 59. मग बँकेचा आकडा आणि वहीतला आकडा एका रुपयाच्या आत जुळतील, आणि जुळले नाहीत तर बँकेला काय विचारायचे हेही हातात असेल.